घागरीवरचा पहारा

नागपुरातल्या इंदोरा वस्तीतल्या प्रेमिला मेश्राम बाईंना गल्लीत सगळे 'कागदवाल्या ताई' म्हणत. मिलमधल्या बापाच्या नोटिसा वाचता वाचता त्यांचं इंग्रजी पक्कं झालं होतं. कुणाचं समन्स आलं, कुणाची बदली आली की लोक आधी त्यांच्या ओट्यावर येत आणि मग रडायचं की हसायचं ते ठरवत. पुढे एका कोळसा कंपनीच्या नागपूर कार्यालयात त्या अनुवादक म्हणून लागल्या. टेबल खिडकीपाशी, पंखा दुसऱ्याच्या डोक्यावर.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांच्या टेबलावर एक फोटो आला. वर्तमानपत्राच्या कात्रणाचा. उमरेडच्या खाणीतला टाइमकीपर बळीराम वार्ताहरापाशी बोलला होता, आणि प्रेमिलाबाईंच्याच कार्यालयात बसणारे खाणीचे व्यवस्थापक वामनराव यांनी त्याच्यावर चौकशी लावली होती. मूळ कात्रण गळक्या कपाटात विरघळलं म्हणे, म्हणून सीताबर्डीच्या स्टुडिओतून काढून ठेवलेला फोटो. फोटोवाल्याने चौकट अशी बसवली होती की खालचा उजवा कोपरा गेला आणि शेवटची म्हण अर्धी फोटोत, अर्धी फोटोबाहेर.

बळीराम म्हणाला होता, "वामनरावांचे हात ओले केल्याशिवाय कोणाचं नाव पाळीवर लागत नाही. आम्हा जुन्या माणसांच्या तोंडाला त्यांनी पानं पुसली. आता त्यांना पाणी पाजल्याशिवाय राहणार नाही. भर सभेत त्यांचं नाक कापू आणि तोंडाला..."

वामनरावांच्या टायपिस्टाने याचं इंग्रजी शब्दाला शब्द लावून केलं होतं. ते परत मराठीत आणलं तर असं: व्यवस्थापकांचे दोन्ही हात भिजवावे लागतात. त्यांनी वृद्धांच्या मुखावर झाडाची पाने घासली. आता त्यांना पाणी पाजण्यात येईल व सभेसमोर नासिका छेदण्यात येईल.

चौकशी अधिकारी कलकत्त्याहून आलेले. मराठीचा गंध नाही. त्यांनी वाचलं आणि पहिला हुकूम काढला: व्यवस्थापकांच्या दालनातल्या घागरीवर शिपाई धोंडबाने पहारा ठेवावा. दुसरा: कार्यालयाच्या अनुवादकाने फोटोवरून नवा अनुवाद करावा. त्या दिवसापासून वामनराव पाणी पिताना धोंडबा आधी घोट घेई आणि वामनराव रुमालाने नाक झाकून बसत. बळीरामची नोकरी मात्र खरोखरच कापली जायची होती.

"ताई, मी साहेबाले मारतो काय गा म्हणून सगळे विचारून राहिले," बळीराम चहाचा कप घेऊन दारातून बोलला. "घरी म्हातारी रडून राहिली. म्हणते, चाकू कुठं लपवला?"

"भाऊ, माझ्यापाशी बसू नका. आरोपीचा चहा अनुवादकाने घ्यायचा नसतो," प्रेमिलाबाई म्हणाल्या आणि कागद ओढला.

त्यांनी अर्थ उतरवला: लाच दिल्याशिवाय नाव लागत नाही, जुन्यांना फसवलं, आता यांना हरवू, भर सभेत यांची अब्रू घालवू. पुढच्या अर्ध्या म्हणीचा अर्थ लावला नाही. तळाशी नोंद केली: छायाचित्रात शेवटचे शब्द दिसत नाहीत.

संध्याकाळी वामनराव स्वतः आले. धोंडबा मागे पेला घेऊन.

"बाई, 'हात ओले' जसेच्या तसे ठेवा. आम्ही वारंवार हात धुतो, स्वच्छतेची सवय आहे."

"आणि नाक?"

"नाकही जसंच्या तसं. ते तर विशेष."

"मग प्रत्येक वाक्यामागे त्याचा रूढ अर्थ टिपेत लिहावा लागेल. लाचेचाही."

वामनरावांनी मिशीला पीळ दिला. "असं करा. मधल्या वाक्यांना टीप द्या, पहिल्याला आणि शेवटच्याला..."

"...नुसते शब्दच हवे असतील. साहेब, एका कात्रणाला एकच नियम. खाली माझी सही राहते."

दुसऱ्या दिवशी चौकशीत दोन्ही अनुवाद शेजारी ठेवले गेले. कलकत्त्याचे साहेब चष्मा काढून म्हणाले, "व्यवस्थापक महोदय, यातला एक पूर्ण निवडा. अर्थाचा घेतला तर धमकी कुठेच नाही आणि लाचेची चौकशी आहे. शब्दाचा घेतला तर आधी सांगा, पानं कुठल्या झाडाची होती?"

वामनरावांनी रुमाल नाकावरून काढला, परत ठेवला. मग फार थकलेल्या आवाजात म्हणाले, "हा फोटो तसाही अस्पष्ट आहे, साहेब. म्हण तर अर्धीच आहे. पुरावा म्हणून काढूनच टाकावा."

फोटो आणि त्याच्यामागून दोन्ही अनुवाद फाइलीतून निघाले. फोटोशिवाय आरोप काय राहणार? बळीराम सोमवारी पाळीवर रुजू झाला. लाचेचं विचारायला कागदच उरला नव्हता. प्रेमिलाबाईंनी अनुवादाची स्वतःजवळची प्रत आपल्या खणात घालून कुलूप लावलं.

पहारा उठवायचा मात्र राहून गेला. तो ज्या कागदावरून लावला, तो कागदच फाइलीत नव्हता. मग उठवायचा कशावरून? धोंडबा निवृत्त होईपर्यंत घागरीपाशी बसला. कोणी विचारलं, "काहून बसला गा इथं?" तर म्हणे, "साहेबाले कोणी पाणी पाजू नये म्हणून."

प्रेमिलाबाई जाता-येता ऐकत. हसत नसत. फार तर पंख्याकडे बघत.