चार विरुद्ध शून्य

विरारच्या एका महाविद्यालयात मी संख्याशास्त्र शिकवते. ज्यांनी मला संशोधनाची गोडी लावली, ते सर तिथेच जैवतंत्रज्ञानाचे विभागप्रमुख होते. त्यांनी क्षयाच्या गोळ्या घेतलेल्या वीस जणांचं रक्त तपासलं होतं. दहा जणांना गोळ्यांनी कावीळ झालेली, दहा जणांना नाही. एका जनुकातला बदल चौघांत सापडला आणि ते चौघेही कावीळवाल्यांतलेच निघाले. सरांनी काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्रीय चाचणी लावली. उत्तर ०.०२५. म्हणजे नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात अडीच.

"सर, योगायोगच असता तर दोन्ही गटांत दोन-दोन जण अपेक्षित," मी म्हटलं. "इतक्या लहान आकड्यांवर काय-स्क्वेअरचा अंदाज चुकतो."

स्टाफरूममध्ये मी वीस चिठ्ठ्या केल्या, चारांवर फुली मारली, पिसून दहा-दहाचे दोन ढीग लावले. मग संगणकाला तेच दहा हजार वेळा करायला लावलं. चारही फुल्या एकाच ढिगात साधारण पावणेनऊशे वेळा आल्या. लहान आकड्यांसाठी असलेल्या एक्झॅक्ट टेस्टनेही तेच सांगितलं : ०.०८७. शंभरात जवळजवळ नऊ; निष्कर्ष मानायला पाचाच्या आत लागतात.

सरांनी स्वतः एकदा चिठ्ठ्या पिसून पाहिल्या. "बरोबर आहे तुझं. लेखात तुझाच आकडा घालतो."

मी निर्धास्त झाले.

काही महिन्यांनी जवळच्या जूचंद्र गावची एक मुलगी मला भेटायला आली. तिचा भाऊ त्या चौघांतला. रक्त घ्यायला मीही त्यांच्या घरी गेले होते. आता क्षय तिलाही झाला होता.

"सरांनी तपासून सांगितलं, माझ्यापन रक्तात तोच दोष हाय. म्हनून मी गोल्या बंद केल्या."

सरांनी दिलेला छापील लेख तिने पिशवीतून काढला. त्यात ०.०२५ होतं. एक्झॅक्ट टेस्टचा उल्लेखही नव्हता. खाली आभार : आकडेवारी तपासून दिल्याबद्दल, माझे.

मी तडक सरांकडे गेले.

"०.०८७ कोण छापतं गं?" ते शांतपणे म्हणाले. "आणि तुझंही नाव लागलंच की."

"तुम्हाला चूक कळली होती, सर."

त्यांनी पुढ्यातली फाईल उघडली आणि वाचू लागले.

नकळत झालेली चूक मी विसरले असते. माझ्याकडून समजून घेऊन त्यांनी ती माझ्याच नावाखाली झाकली होती.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला तुळिंजच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी यकृताची तपासणी केली, ती ठीक आली, आणि देखरेखीखाली गोळ्या पुन्हा सुरू केल्या. तो बदल खरोखर घातक असेलही. वीस माणसांवरून ते सांगता येत नव्हतं, एवढंच मी तिला सांगितलं.

मग संपादकांना तक्ता, दोन्ही उत्तरं आणि माझं नाव काढण्याची विनंती पाठवली. दुरुस्ती छापून आली, शेवटच्या पानावर. सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांनी सगळ्या विद्यार्थ्यांची आठवण काढली. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, हेच मला सहन होत नाही.