गच्चीवरचा पंप

आमच्या परदेशीपुऱ्यातल्या इमारतीत दुपारी पाणी आपोआप चालू व्हायचं. बहुतेक घरांना कुलूप, आणि गच्चीवरचा प्रेशर पंप मात्र सारखा टक् करून घुमायचा, थांबायचा, पुन्हा टक्. पाईप भिंतीत थरथरायचे. खालच्या मजल्यावरचे माझे शेजारी म्हणायचे, "ऐकलंत भिया? ही आली बघा. तिला दुपारीच धुणं काढायची सवय."

त्यांची बायको वारल्यापासून तिचं न्हाणीघर त्यांनी उघडलंच नव्हतं. मुलगी पुण्याला चला म्हणून विनवत होती. "हिला टाकून कसा जाऊ?" असं म्हणून ते मुलीला परत पाठवायचे.

खरं मला ठाऊक होतं, आणि मी गप्प होतो.

शॉवरची धार मध्येच मंदावते म्हणून माझी कुरकुर होती. जन्मभर मिलमध्ये मोटारी सांभाळलेला मी. गच्चीवर जाऊन प्रेशर स्विचचा छोटा नट सैल केला, मोठा आवळला. पूर्वी दाब बराच उतरला की पंप चालू होई, आणि बराच चढला की बंद. मी ते अंतर जवळजवळ मिटवलं. धार एकसारखी झाली. पण मग कुठे थेंबभर पाणी गळलं तरी दाब ते इवलंसं अंतर लगेच उतरे, पंप उठे, लगेच वर पोचून थांबे. पुन्हा तेच.

शेवटी मोटार जळली. मेकॅनिक स्विच उघडून म्हणाला, "अंकल, ये किसने छेड़ा? इतना कम गॅप? दर वेळी चालू होताना मोटार भारी करंट ओढते. थंड व्हायला वेळच नाही मिळाला बिचारीला." मी आभाळाकडे बघितलं. त्याने मोटार बदलली आणि अंतर पुन्हा रुंद केलं.

त्यानंतर दुपारी शांतता पसरली. शेजारी दारात आले. चेहरा उतरलेला. "ती येत नाही हो."

मग मात्र राहवलं नाही. सगळं सांगितलं, गळती त्या बंद न्हाणीघरातच असणार हेही. त्यांनी तिथलं कुलूप काढून दिलं. आत फ्लशमधून बारीक धार झिरपत होती. मी कॉक बंद करायला वाकलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार.

"राहू द्या. गळतंय म्हणजे ती येईल ना?"

"येईल... म्हणजे पंप सुरू होईल. पण उशिरा. दाब खालपर्यंत उतरायला वेळ लागतो आता."

"पूर्वीसारखं करून द्या."

"मोटार पुन्हा जळेल."

ते उलट्या बादलीवर बसले, पाईपाला तळवा लावून. मीही उंबऱ्यावर टेकलो. कितीतरी वेळ नुसती झिरप. मग एकाएकी पाईप थरथरला, आणि या वेळी थांबेचना. घुमत राहिला, घुमत राहिला.

"बघा," ते हळूच म्हणाले, "आज किती वेळ थांबलीये."

मला कारण ठाऊक होतं: अंतर रुंद झालं की दाब वरपर्यंत चढायलाही वेळ लागतो. तरी पाईपाला हात लावायचं माझं धाडस झालं नाही.