झेनोरिडच्या ऐवजी ग्लेनोरिड

अमिना शेख पंचवटीतल्या एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट होती. दुकान किशोरशेठचं, पण गिऱ्हाईक अमिनाचं असं सगळे म्हणत. तिचा आवाज कधी चढत नसे. गोळी देताना ती नाव वाचायची, तारीख वाचायची आणि पिशवी पुढे सरकवायची.

एके दिवशी सकाळी गोजराबाई आल्या. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा मळा आणि गणेशवाडीच्या फूल बाजारात गाळा. झेंडू तोडून तोडून हातांना खाज सुटलेली. डॉक्टरांनी झेनोरिड लिहून दिली होती, खाज वाढली की एक. अमिनाने ड्रॉवर उघडला, पाकीट दिलं, बिल केलं. गोजराबाई गेल्या.

दुपारी निवृत्त शिक्षक असलेले जीवन सर त्यांची नेहमीची साखरेची, म्हणजे मधुमेहाची, गोळी न्यायला आले. तिचं नाव ग्लेनोरिड. दोन्ही एकाच कंपनीच्या. पांढऱ्या पाकिटावर हिरवा पट्टा, पट्ट्यात बारीक अक्षरांत नाव, अंगठ्याखाली सुरुवातीची अक्षरं गेली की उरतं ते दोन्हींवर सारखंच. ड्रॉवरमध्येही खोकी शेजारी शेजारी. कालच आलेली, आली तेव्हा दोन्ही सीलबंद.

ग्लेनोरिडचं खोकं उघडं होतं. झेनोरिडचं सील तसंच होतं.

अमिनाने दोन्ही खोकी काउंटरवर ठेवली. मग जीवन सरांना त्यांची गोळी दिली, नाव दोनदा वाचून.

"शेठ, सकाळच्या बाईला मी साखरेची गोळी दिलीय. त्यांना साखर नाहीये."

किशोरशेठ हिशेब करत होते. "खाल्ली नसेल अजून. संध्याकाळी फोन करू."

"नंबर घेतलेला नाही."

"मग उद्या स्वतःच येतील की. गावभर कशाला सांगायचं?"

अमिनाने रक्तातली साखर मोजायचं मशीन आणि ग्लुकोजचा डबा पर्समध्ये टाकला, रिक्षा केली. शेठ मागून म्हणाले, "डब्याचं बिल कुणाच्या नावावर?" तिने ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

बाजारात गोजराबाई गाळ्यामागे पोत्यावर बसल्या होत्या. पदर घामाने भिजलेला, हात थरथरत होते. सून सुवर्णा वारा घालत होती. "ऊन लागलंय. मगापासून काहीबाही बोलतायत. हाराला झेंडू मागितला तर शेवंतीच देतायत."

"आई, सकाळची गोळी घेतली का?" अमिनाने विचारलं.

"आल्याआल्या घेतली. खाज लय होती." गोजराबाईंनी डोळे अर्धे उघडले. "पोटात काय नाय गेलं अजून."

मशीनवर अठ्ठेचाळीस आकडा आला; सत्तरच्या खाली गेला की धोका. अमिनाने ग्लुकोज कालवून घोटघोट पाजलं. बाई शुद्धीवर होत्या, गिळत होत्या, म्हणून पाजता आलं. थोड्या वेळाने थरथर कमी झाली. सुवर्णा म्हणाली, "बरं झालं, आता घरी नेते."

"घरी नको. या गोळीचा अंमल लांबतो. साखर पुन्हा उतरेल. दवाखान्यात ठेवावं लागेल." मग तिने ते वाक्य उच्चारलं, जे रिक्षात तिने मनात बरेचदा म्हणून पाहिलं होतं. "चुकीची गोळी मी दिलीय."

सुवर्णाने तिच्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली आणि सासूला उठवायला हात लावला. ते 'बरं' अमिनाला शिवीपेक्षा जड गेलं.

दवाखान्यात तिने कोणती गोळी, किती ताकदीची, कधी घेतली ते सगळं सांगितलं आणि पाकीट डॉक्टरांच्या हातात दिलं. संध्याकाळी साखर खरंच पुन्हा उतरली. सलाईन लावलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी गोजराबाई घरी गेल्या.

अमिनाने दोन्ही पाकिटांचे फोटो जोडून कंपनीला कळवलं. औषधांमुळे झालेला त्रास नोंदवायचं सरकारी केंद्र असतं, तिथेही कळवलं. कंपनीने आभार मानले आणि पाकीट नियमानुसारच असल्याचं नम्रपणे सांगितलं. मग तिने स्वतःच साखरेच्या गोळ्या वेगळ्या कपाटात नेल्या, वर लाल चिठ्ठी लावली आणि नावांमधली वेगळी अक्षरं मार्करने मोठी लिहिली. किशोरशेठ म्हणाले, दुकान शाळेसारखं दिसतंय.

गोजराबाई पुष्कळ दिवस आल्या नाहीत. आल्या तेव्हा सुवर्णा बरोबर होती.

"खाज हाय तशीच," त्या म्हणाल्या.

अमिनाने पाकीट काढलं. "आई, कशासाठी घेताय ते तुम्ही सांगा. मग मी नाव वाचते."

"हाताची खाज."

"झेनोरिड. खाजेची."

सुवर्णाने पाकीट घेतलं, उजेडात धरून एकेक अक्षर वाचलं, आणि मग सासूला दिलं. अमिना तोवर थांबून राहिली. मागे तीन गिऱ्हाइकं ताटकळली होती, त्यातल्या एकाला घाई होती.

"जरा थांबावं लागेल," अमिना त्याला म्हणाली.