जोत्यांची उंची

नगरपालिकेच्या बांधकाम विभागातल्या ओव्हरसीअरबाई कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसत. पण त्या दिवशी त्यांचं डोकं फिरलं. शहरातल्या रस्त्यांचा प्रकल्प अहवाल करायला सल्लागार नेमायचा होता. त्याने काय काय करायचं, याचा मसुदा बाईंनी लिहिला होता. साहेबांनी त्यातली एकच ओळ खोडली: रस्त्यालगतच्या घरांच्या जोत्यांची उंची मोजणे.

"बाई, अहवाल रस्त्यांचा आहे, घरांचा नाही. उगाच सर्वेक्षण लांबेल."

"साहेब, दर डांबरीकरणाला रस्ता वर चढतो. माझ्या सासूबाई पूर्वी पायरी चढून घरात जायच्या, आता उतरून जातात. पावसाचं पाणी तर त्यांच्याआधी आत शिरतं."

"सल्लागाराला नंतर तोंडी सांगू."

"मसुद्यात नाही ते तो फुकट कशाला करेल?"

साहेब हसले. "सही करा हो."

बाईंनी मनात देवाचं नाव घेतलं आणि मसुद्यासोबत वर जाणाऱ्या टिप्पणीवर लिहिलं, ‘जोती न मोजता रस्त्याची पातळी ठरवणे मला मान्य नाही.’ त्याखाली ठसठशीत सही केली.

"आता खुशाल वर पाठवा."

हा शेरा मुख्याधिकाऱ्यांपुढे गेला तर उत्तर साहेबांनाच द्यावं लागणार होतं. धुसफुसत त्यांनी खोडलेली ओळ पुन्हा लिहायला घेतली. बाई उभ्याच राहिल्या, ती पुरी होईपर्यंत.