चारसतराचा हयातीचा दाखला

तुरुंगातल्या नोकरीत त्याला नाव फारसं कुणी लावलं नाही. छातीवरच्या पितळी बिल्ल्याचा आकडा चारशे सतरा, म्हणून सगळे त्याला चारसतरा म्हणत. साहेब म्हणत, कैदी दबक्या आवाजात म्हणत, आणि निवृत्त झाल्यावर वस्तीतला भाजीवालाही म्हणू लागला. त्याला त्याचं वाईट वाटत नसे, उलट छाती फुगायची. एकतीस वर्षांत त्याने किती पाठी फोडल्या, त्याचा हिशोब त्याने ठेवला नव्हता. ज्यांच्या पाठी होत्या त्यांनी ठेवला असेल.

माणूस हाताने बोलणारा होता. बराकीत कुणी उलट उत्तर दिलं की काठी आधी आणि प्रश्न नंतर. घरीही फार निराळं नव्हतं. काठी निवृत्तीबरोबर जमा करायला हवी होती, पण ती दाराच्या मागे उभी राहिली. सुनेने तीन महिने ती काठी पाहिली आणि एक दिवस पिशवी भरून निघून गेली. चारसतरा म्हणाला, "गेली तर गेली." मुलगा काही बोलला नाही. त्याला न बोलण्याची सवय लहानपणीच लागली होती.

तुरुंगाची एक गोष्ट मात्र चारसतराने घरात प्रेमाने आणली होती, ती म्हणजे संध्याकाळची मोजणी. दिवे लागले की तो उंबऱ्याशी उभा राहून माणसं मोजायचा. आधी चार व्हायची, सून गेल्यावर तीन. आतून बायको म्हणायची, "बरोबर." मग दाराला कडी. तुरुंगात मोजणी चुकली तर घंटा वाजते, कुणी जागचं हलत नाही, आणि आकडा जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजतात. हे तो पाहुण्यांना रंगवून सांगायचा. बायकोला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं चारदोन शब्दांवर आलं, तरी संध्याकाळचं "बरोबर" तिने सोडलं नाही.

बायकोला उठवायला, धुवायला, भरवायला एक मावशी यायच्या. त्यांचा पगार पेन्शनमधून जायचा. मुलगा विजेच्या जळक्या मोटारी पुन्हा भरायच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळायचा आणि त्यात घरभाडं कसंबसं निघायचं. म्हणजे पेन्शन थांबली की मावशी थांबणार आणि मावशी थांबल्या की बायको अंथरुणात कुजणार. इतकं साधं होतं.

आणि पेन्शन थांबली.

पहिला महिना कोरा गेला. मुलगा खात्यात पाहून आला आणि म्हणाला, "बाबा, जमा नाही झाली." दुसराही कोरा गेला. मावशींनी दोन महिने वाट पाहिली, मग डोळे पुसत दुसरं घर धरलं. त्या दिवसापासून चारसतराच्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. पैसे काढायचं कार्ड मुलाकडे, त्याचा आकडा मुलाला ठाऊक, मोबाइलही मुलाचाच. आणि पेन्शन चालू ठेवायला दरवर्षी लागणारा हयातीचा दाखला तर त्याने नोव्हेंबरात सेवा केंद्रात स्वतः जाऊन, मशीनवर अंगठा टेकवून करून आणला होता. "दाखला तयार झाला" असा निरोपही मुलाच्या मोबाइलवर आला होता. मग पैसे जातात कुठे?

एका संध्याकाळी त्याने कडी लावली ती मोजणीआधीच.

"कुणाला चारतोस?" त्याने विचारलं.

"काय?"

"माझी पेन्शन. त्या पळपुट्या बाईला पाठवतोस ना?"

"बाबा, उद्या बँकेत जाऊ. मी दुकानातून सुट्टी—"

वाक्य पुरं झालं नाही. काठी पहिल्यांदा खांद्यावर बसली, दुसऱ्यांदा बरगडीवर. मुलगा तीस वर्षांचा, बापापेक्षा हातभर उंच, पण त्याने काठी धरली नाही. फक्त डोकं वाचवायला डावा हात वर केला आणि तिसरा फटका मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज चारसतराने नोकरीत पुष्कळदा ऐकला होता. तो ओळखायला त्याला वेळ लागला नाही. तरीही त्याने चौथा मारला, तोंडावर. खरं सांगायचं तर त्याला थांबायचं कसं हे कुणी शिकवलंच नव्हतं, आणि स्वतःहून शिकावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

आतून बायको ओरडत होती. शब्द नव्हते, नुसता आवाज. मुलगा भिंतीला धरून उठला, दुसऱ्या हाताने कडी काढली आणि रक्ताळलेल्या तोंडाने आईकडे एकदा पाहून बाहेर पडला. त्या रात्री मोजणी झाली नाही.

सकाळी बायकोच्या तोंडात चमचाभर पाणी घालून चारसतरा बँकेत गेला. त्याला मुलाची चोरी कागदावर हवी होती. खिडकीतल्या तरुण कारकुनाने खातं पाहिलं.

"कुणी काही काढलेलं नाही, काका. पेन्शन जमाच झाली नाही. दोन महिने. तुमचा हयातीचा दाखला नाहीये."

"मी केलाय."

"आमच्याकडे दिसत नाही."

"मी अंगठा दिलाय! मशीनवर!"

"काका, ओरडू नका. कागदावर तुम्ही हयात नाही, मी काय करू?"

कारकुनाला चिडवायचं नव्हतं, तो रोज चाळीस जणांना हेच सांगत होता. पण चारसतराची मूठ काचेतून आरपार गेली. कारकुनाच्या गालावर काच लागली, मोजायला ठेवलेल्या पावत्यांवर रक्त उडालं, रांगेतल्या बायका किंचाळल्या. पहारेकऱ्याने मागून येऊन त्याचा हात पाठीमागे पिळला आणि गुडघा कमरेत रोवून त्याला जमिनीवर दाबलं. ही पकड चारसतराच्या ओळखीची होती. त्याने ती शेकडो जणांवर वापरली होती आणि तिच्याखाली माणसाला श्वास घेता येत नाही, हे त्याला आज कळलं.

शाखेच्या मॅनेजरबाई आल्या. वयाने त्याच्या मुलाएवढ्या, आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी आधी कारकुनाचा गाल पाहिला, त्याला दवाखान्यात पाठवलं, मग चारसतराच्या हाताला रुमाल बांधायला लावून त्याला खुर्चीत बसवलं.

"पोलिसांना बोलवायचं की नाही ते नंतर ठरवू," त्या म्हणाल्या. "दाखला केला म्हणता ना? त्याचा नंबर आहे?"

तेवढा त्याच्याजवळ होता. केंद्रवाल्याने छापून दिलेला कागद त्याने घडी करून खिशात ठेवला होता. बाईंनी संगणकात नंबर घातला आणि पडदा त्याच्याकडे फिरवला.

"तयार झाला होता, पण नामंजूर झालाय. दाखला तयार होणं वेगळं आणि पेन्शन कार्यालयाने तो स्वीकारणं वेगळं. 'तयार झाला'चा निरोप आला की लोक निर्धास्त होतात. नंतर तो मंजूर झाला का, हे पाहावं लागतं. इथे पाहा, पेन्शन आदेशाचा क्रमांक या रकान्यात काय लिहिलंय?"

रकान्यात चारशे सतरा लिहिलं होतं.

त्याला ते केंद्र आठवलं. केंद्रवाल्याने विचारलं होतं, "काका, नंबर सांगा पेन्शनचा." आणि त्याने ताठ मानेने सांगितलं होतं, चारशे सतरा. केंद्रवाला म्हणाला होता, "इतकाच?" "इतकाच. एकतीस वर्षं इतकाच आहे." मुलगा शेजारी होता. "बाबा, कागद आणू का घरून? तो लांब असतो—" असं काहीतरी म्हणाला होता. चारसतराने त्याच्याकडे नुसतं पाहिलं होतं आणि तो गप्प बसला होता.

"हा माझा बिल्ला आहे," तो म्हणाला.

"पेन्शन आदेशाचा क्रमांक बारा आकडी आहे. तो न जुळल्यामुळे दाखला तुमच्या पेन्शनला लागलाच नाही."

चारसतराने ते तीन आकडे पुन्हा वाचले. मग त्याला मुलाचा वर केलेला हात दिसला.

"आता काय करायचं?" त्याने विचारलं. इतका खालचा आवाज त्याच्या तोंडून कुणी ऐकला नसेल.

"चुकलेला दाखला दुरुस्त होत नाही, नवा करावा लागतो. मशीनवर करायचा तर तुमचा उजवा अंगठा आज फाटलाय. डाव्या अंगठ्यावरून किंवा डोळ्यांवरूनही होतो. पण तुम्ही स्वतः इथे माझ्यासमोर आहात, तेव्हा त्याची गरज नाही. पेन्शन आदेशाची मूळ प्रत, ओळखपत्र आणि पासबुक आणा. मी फॉर्म देते, समोर सही करा, मी पाहिलं म्हणून शिक्का मारते. थकलेले महिने पुढच्या पेन्शनबरोबर एकदम मिळतील. बुडत काही नाही."

बुडत काही नाही, हे ऐकून तो घरी आला आणि दारातच थबकला. बायको जमिनीवर पडली होती. खाटेवरून उतरायचा प्रयत्न केला असावा. कपाळ फुटलं होतं, अंगाखाली ओल होती, आणि तिचा चालता डावा हात दाराच्या दिशेने पसरला होता. त्याने तिला उचलायला हात घातला, पण फाटलेल्या हातात जोर नव्हता. तिचं अंग त्याच्या रक्ताने माखलं, पण ती इंचभर उचलली गेली नाही. घरात उचलू शकणारे दोघे होते. एकीला पगार मिळाला नव्हता आणि एकाचं मनगट त्याने मोडलं होतं. शेवटी शेजारचा शिंपी आला, तेव्हा ती खाटेवर गेली.

मग चारसतराने ट्रंक उपसली, पेन्शन आदेश शोधला आणि शिंप्याच्या बायकोला घरी बसवून दुपारी पुन्हा बँकेत गेला. बाईंनी चेहरा फोटोशी ताडून पाहिला. त्याने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

"सही जुळत नाही, पण हात मी पाहिलाय," बाई म्हणाल्या. त्यांनी तसा शेरा लिहिला, डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, दोन साक्षीदार घेतले आणि शिक्का मारला. "पुढच्या महिन्यात मंजूर दिसतोय का, विचारायला या. पोलिसांना बोलावत नाही, पण काच भरून द्या. त्या पोराची माफी तुम्ही स्वतः मागा."

त्याने मागितली. आयुष्यातली पहिलीच असल्यामुळे फार वाईट मागितली.

पुढच्या महिन्यात तीनही महिन्यांची पेन्शन एकदम जमा झाली. मावशी परत आल्या. मुलगा आला नाही. तो दुकानाच्या माळ्यावर राहू लागला. हाड वाकडं जुळलं, त्या हाताला तार ताणून धरता येईना, म्हणून मालकाने त्याला झाडलोटीला लावलं. चारसतरा दोनदा दुकानासमोर जाऊन उभा राहिला. दुसऱ्या वेळी मुलाने त्याला पाहिलं, आणि बापाने खिशातून नुसता रुमाल काढायला हात उचलला, तर त्याने झटकन डोकं झाकलं. चारसतरा तिसऱ्यांदा गेला नाही.

पुढच्या नोव्हेंबरात तो एकटाच बँकेत गेला. बारा आकडे त्याला तोंडपाठ होते, तरी मूळ प्रत सोबत नेली. महिन्याभराने पुन्हा जाऊन दाखला मंजूर झाल्याचं डोळ्यांनी पाहून आला. त्या संध्याकाळी दिवे लागल्यावर तो उंबऱ्याशी उभा राहिला. काठी त्याने कधीच चुलीत घातली होती, हात मोकळा होता.

"दोन," तो म्हणाला.

आतून बायकोने वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. आज दिलं. एकेक शब्द ओढून काढत ती म्हणाली, "एक... कमी."

त्याने कडीवरचा हात काढला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.