एका कंटेनरची दोन बिलं

मेल एका ग्राहक कंपनीकडून माझ्या साहेबांना आली होती, पण विषय मी होते. ‘तुमच्याकडच्या बिलिंगच्या मुलीने एकाच कंटेनरचं डिटेन्शन आम्हाला दोनदा लावलं आहे. हे चुकून झालं असं मानायला आम्ही तयार नाही.’ कॉपीत त्यांचे डायरेक्टर, त्यांचा खरेदी विभाग, आमचे दोन्ही भागीदार आणि आमचा डॉक्युमेंटेशनचा सगळा स्टाफ. म्हणजे चहा घेऊन मी जागेवर येईपर्यंत अख्ख्या ऑफिसने मला चोर म्हटलेलं वाचलं होतं.

मेल लिहिणारे गृहस्थ त्या कंपनीचे अकाउंट्स मॅनेजर. कंपनी बाहेरून नळ, शॉवर आणते आणि न्हावा शेवा बंदरात उतरलेला त्यांचा माल आम्ही कस्टम्समधून सोडवतो. मॅनेजरना मी एकदाच भेटले होते, वाशीच्या त्यांच्या ऑफिसात. कुठे राहता, विचारलं. घणसोली गाव म्हटल्यावर म्हणाले, “गावात? मग ठीक आहे, पैशाची काय कमी तुम्हाला. भाडी येत असतील.” सगळे हसले. मीही हसले, याचा राग मला अजून आहे.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझं बी.कॉम.चं सर्टिफिकेट आईने देव्हाऱ्याच्या वर लावलंय, त्याला अगरबत्तीचा धूर लागून ते पिवळं पडलंय. भाडी येतात हे खरं. खोल्या आईच्या आहेत आणि फी त्याच भाड्यातून भरली. त्यात लपवायचं काय आहे?

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ते वाईट माणूस नव्हेत, फक्त घाबरट. म्हणाले, त्या कंपनीने आपली बाकीचीही बिलं अडवून धरलीत, एक क्रेडिट नोट देऊन दुसऱ्या बिलाची रक्कम सोडून टाकू, विषय संपेल. मी विचारलं, क्रेडिट नोट दिली म्हणजे दोनदा लावलं हे आपण कबूल केलं, मग मी उद्या कुठल्या तोंडाने इथे बसू? ते पेपरवेट फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, “बघ बाई. सिद्ध करता आलं तर कर. नाही आलं तर मला तुला बिलिंगवरून काढावं लागेल.”

घरी आईला सांगितलं. ती मासे साफ करत होती. हात न थांबवता विचारलं, “तू घेतलंस काय पैसं?” मी नाही म्हटलं. “मंग त्याला सोरू नको,” म्हणाली आणि कोयतीवर दुसरा मासा घेतला.

मी त्याला सोडणार नव्हतेच.

झालं होतं ते असं. कंटेनर शिपिंग लाईनचा असतो. ठरावीक दिवस तो फुकट वापरता येतो, नंतर रिकामा परत करेपर्यंत रोजचं भाडं चढतं, तेच डिटेन्शन. माल उचलायला लाईनची डिलिव्हरी ऑर्डर घेताना तिच्या मुदतीपर्यंतचं डिटेन्शन आधी भरावं लागतं. आम्ही ते भरलं. गाडी लावणार तेवढ्यात त्यांच्या खरेदी विभागाची मेल आली, गोडाऊन भरलंय, आत्ता माल पाठवू नका. ऑर्डरची मुदत संपली. ती वाढवून घेताना लाईनने पुढच्या दिवसांचं डिटेन्शन वेगळ्या इनव्हॉइसने लावलं. दिवस तेवढेच, दर तोच, म्हणून रक्कम पैशापर्यंत सारखी. हे दोन्ही आम्ही त्यांच्या वतीने भरलं आणि दोन डेबिट नोटांनी त्यांच्याकडे मागितलं. प्रत्येक नोटेमागे लाईनचा इनव्हॉइस टाचलेला होता.

आणि तिथेच त्यांचा घोळ होता. त्यांच्याकडे कागद आले की रिसेप्शनवर पिन काढतात, हे मी त्या भेटीत पाहिलं होतं. वरचं पान अकाउंट्सला, मागचे कागद टॅक्सच्या टेबलावर. मॅनेजरसाहेबांनी फक्त वरची पानं पाहिली होती. कंटेनर तोच, बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाजाची मालपावती तीच, रक्कम तीच.

हे मला फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं होतं, मला सगळ्यांसमोर बोलायचं होतं. मीटिंग मागितली आणि त्यांचे डायरेक्टर असतील तरच येऊ, असं साहेबांना लिहायला लावलं.

एका पानावर तक्ता केला. डावीकडे पहिली डेबिट नोट, उजवीकडे दुसरी. प्रत्येकीखाली लाईनच्या इनव्हॉइसचा नंबर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचं भाडं, आमच्या बँकेतून पैसे गेले त्या व्यवहाराचा नंबर म्हणजे यूटीआर, लाईनची पावती. मागे बँकेचं स्टेटमेंट, मुदत वाढवलेली ऑर्डर, रिकामा कंटेनर यार्डात परत दिल्याची स्लिप आणि ती गोडाऊनवाली मेल. सगळ्याच्या चार प्रती.

वाशीला मॅनेजर प्रसन्न होते. “या मॅडम, गावाहून कशा आलात?”

मी डायरेक्टरांपुढे एक प्रत ठेवली, दुसरी मॅनेजरांच्या हातात दिली आणि त्यांना म्हटलं, “सर, तारखांची ओळ तुम्हीच मोठ्याने वाचाल का? माझ्या तोंडून नको.”

त्यांनी डायरेक्टरांकडे पाहिलं. डायरेक्टर म्हणाले, वाचा. त्यांनी वाचलं. पहिली मुदत जिथे संपत होती, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरी सुरू होत होती. मग यूटीआर वाचायला लावले, दोन्ही वेगळे. तरी ते म्हणाले की असे कागद कुणीही बनवू शकतं, लाईनने खरंच दोन इनव्हॉइस काढले कशावरून?

या प्रश्नाची मी वाट पाहत होते. लाईनचे इनव्हॉइस आमच्या नव्हे, त्यांच्या कंपनीच्या जीएसटी नंबरावर निघालेले असतात. म्हणजे ते जीएसटी पोर्टलवर त्यांच्याच खात्यात, टू-बी नावाच्या यादीत, आपोआप दिसतात.

मी म्हटलं, “माझे कागद बाजूला ठेवा. तुमचं टू-बी उघडा.”

टॅक्सच्या टेबलावरच्या बाईंना बोलावलं. त्यांनी लॅपटॉपवर दोन्ही नंबर काढले. डायरेक्टरांनी विचारलं, यांच्यावरच्या टॅक्सचं क्रेडिट आपण घेतलंय का? बाई अगदी सरळपणे म्हणाल्या, “हो सर, दोन्हीचं. कागद आले होते ना माझ्याकडे.”

म्हणजे दुसरा इनव्हॉइस खोटा म्हणून पैसे अडवले होते आणि त्याच इनव्हॉइसवरचं टॅक्स क्रेडिट गुपचूप खिशात घातलं होतं. डायरेक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मॅनेजरांचे कान लाल झाले. मी पोटभर पाहिलं. थोडीसुद्धा दया आली नाही, आणि यायला हवी होती असं मला आजही वाटत नाही.

लिफ्टपाशी मॅनेजर माझ्या मागे आले. हळू आवाजात म्हणाले, “होतं हो असं कामात. पेमेंट आजच सोडतो. मनावर घेऊ नका.”

“घेतलंय सर,” मी म्हटलं. “मेल टाका. त्याच सगळ्यांना कॉपी करून. एकही नाव गाळू नका.”

पेमेंट त्याच संध्याकाळी आलं, मेल नाही. मी साहेबांना सांगितलं, मेल आल्याशिवाय पावती देणार नाही. साहेब हसले, पण या वेळी पेपरवेटला हात लावला नाही. मेल आली. ‘आमच्याकडून तपासणीत राहून गेलं, आपल्या सहकाऱ्यांबद्दल लिहिलेलं आम्ही मागे घेतो.’ मी नावं मोजली. सगळी होती.

मग साहेबांना एक पत्र लिहून दिलं. त्या कंपनीची उधारी बंद, यापुढे लाईनचे पैसे आधी जमा करायचे, मगच ऑर्डर घेऊ. साहेबांनी ते वाचलं, दोन्ही भागीदारांना दाखवलं आणि सही केली.

आता त्यांचा प्रत्येक कंटेनर आला की आधी पैसे येतात आणि मी पोच पाठवते. इनव्हॉइस नंबर, मुदत, यूटीआर, सगळं लिहून. पोच एकट्या मॅनेजरांना पाठवली तरी चालेल. मी ती त्या जुन्या मेलवरच उत्तर म्हणून पाठवते, सगळ्यांना कॉपी करून. खाली स्क्रोल केलं की त्यांचं पहिलं वाक्य अजून तिथेच असतं.