ईमेलखालचं माझं नाव

तोक्योच्या कोतो भागातल्या आमच्या ऑफिसातून फ्रान्सला मशीनचे सुटे भाग जातात. तिथल्या ग्राहकांना मेल मी लिहायचे. पुण्यात शिकलेलं फ्रेंच एकदाचं कामाला आलं होतं. पण मेलखाली नाव आमच्या बुचोंचं, म्हणजे विभागप्रमुखांचं. बाहेर जाणारं पत्र पदावरच्या माणसाच्या नावानं जावं, असा रिवाज. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर पदाची जागा कोरीच होती. लियों शहरातले एक ग्राहक तीन वर्षं मला ‘मस्य’, म्हणजे ‘श्रीयुत’, म्हणून लिहीत होते. आधी हसू यायचं, मग चीड येऊ लागली.

मी नोकरीत कायम झाले त्याच आठवड्यात ठरवलं, आता खाली माझं नाव जाणार. फ्रेंच पद्धतीची सही रचायला बसले. नाव, त्याखाली पद: फ्रान्समधले ग्राहक आणि सुटे भाग यांसाठी जबाबदार. फोन विभागाचा नाही, माझ्या टेबलावरचा. पुढे जपानचं +81 लावलं आणि तोक्योच्या 03 मधलं शून्य गाळलं. कायदेशीर ओळी मात्र आमच्या फ्रेंच मूळ कंपनीच्या मेलमधून सरळ उचलल्या: कंपनीचा प्रकार, भांडवल, मुख्यालय, पॅरिसच्या व्यापार नोंदवहीतला क्रमांक. खूप भारदस्त दिसत होतं.

पॅरिसच्या कायदा विभागातल्या बाईंना ते तपासायला पाठवलं. त्यांनी फोनच केला.

“तुम्ही नोकरीला कुठल्या कंपनीत आहात?”

“इथल्या, जपानी कंपनीत.”

“मग तुमच्या नावाखाली आमचा क्रमांक कसा? समोरच्याला कळायला हवं, तो कोणत्या कंपनीशी बोलतोय.”

मी मनातल्या मनात कान पकडले. ते सगळं काढून आमच्या काबुशिकी-गाइशाचं, म्हणजे इथल्या भागभांडवली कंपनीचं, नाव, तोक्योचा पत्ता आणि जपानी नोंदणी क्रमांक घातला. शेवटी गोपनीयतेची सूचना: हा मेल चुकून आला असेल तर पाठवणाऱ्याला कळवावं आणि मेल नष्ट करावा.

बुचोंनी सहीचा कागद, खाली मी केलेल्या जपानी भाषांतरासकट, दोनदा वाचला. “सगळं छान आहे. पण तुम्हाला पद नाही. नाव माझंच राहू दे.”

मी आधीच ठरवून गेले होते, माघार नाही. सूचनेवर बोट ठेवलं. “इथे लिहिलंय, पाठवणाऱ्याला कळवा. उद्या खरंच कुणी फ्रेंचमध्ये कळवलं, तर तुम्ही काय कराल?”

“तुमच्याकडे पाठवीन.”

“मग पाठवणारी मीच ना?”

मला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो. मग त्यांनी आपल्या नावाचा शिक्का उचलला, पदाच्या ओळीशेजारी उमटवला आणि कागद मनुष्यबळ विभागाकडे धाडला. तो परत यायला तीन आठवडे लागले. मी रोज विचारत होते.

नव्या सहीचा पहिला मेल मी मुद्दाम लियोंला पाठवला. संध्याकाळी पाचला, म्हणजे तिकडे सकाळ झाल्यावर, माझ्या टेबलावरचा फोन वाजला. तिकडून आधी दिलगिरी आली, मग ‘मादाम’, मग माझं आडनाव, चुकतमाकत का होईना.

“हो,” मी म्हटलं, “मीच बोलतेय.”